ब्राउझरमधलं कुलूप नेमकं कुठे उघडतं?

30 ऑक्टोबर 2013 रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हाताने काढलेलं एक साधंसं चित्र छापलं. दोन ढग, एकावर ‘सार्वजनिक इंटरनेट’ आणि दुसऱ्यावर ‘गूगल क्लाउड’ असं लिहिलेलं. मध्ये एक चौकोन, त्यात ‘जीएफई’ म्हणजे गूगल फ्रंट एंड. त्या चौकोनाकडे एक बाण, आणि बाणाशेजारी इंग्रजीत मजकूर होता : एसएसएल इथे लावलं जातं, इथेच काढलं जातं. पुढे हसरा चेहरा.

चित्र अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या सादरीकरणातलं होतं. एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांत ते सापडलं. एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या दोन संस्था ‘मस्क्युलर’ नावाचा प्रकल्प चालवत होत्या. गूगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या खाजगी तारांवर त्यांनी कान लावले होते. चित्र पाहिल्यावर गूगलशी जवळचा संबंध असलेल्या दोन अभियंत्यांच्या तोंडून शिव्या बाहेर पडल्या, असं त्याच बातमीत नोंदवलं आहे.

राग समजण्यासारखा होता, कारण कोणतंही कुलूप फोडलं गेलेलं नव्हतं. जीमेल उघडणाऱ्या माणसाच्या ब्राउझरपासून गूगलच्या दारापर्यंतचं एन्क्रिप्शन शाबूत होतं. फक्त ते दारापर्यंतच होतं. आतल्या तारा गूगलच्या स्वतःच्या वापरातल्या, म्हणजे घरातल्याच. म्हणून एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे जाणारी माहिती बरीचशी उघडी जात होती. याहूने आपल्या डेटा सेंटरांमधली सगळी वाहतूक एन्क्रिप्ट केली ती 31 मार्च 2014 पर्यंत. गूगलने हे काम आधीच हाती घेतलं होतं, पण स्नोडेन प्रकरणानंतर त्याचा वेग वाढवला.

एसएसएलचा आजचा अवतार म्हणजे टीएलएस. आणि ते ‘दारात काढणं’ हा काही गूगलचा तेव्हाचा गलथानपणा नव्हता. आजही जगातल्या बहुतेक मोठ्या वेबसाइटी टीएलएस दारातच काढतात. या दाराला म्हणतात लोड बॅलन्सर, आणि त्या कृतीला टीएलएस टर्मिनेशन.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका कल्पित विमा कंपनीवरून पाहू. तिची दाव्यांची वेबसाइट अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये, एडब्ल्यूएसच्या मुंबई विभागात आहे. साताऱ्याचा एक ग्राहक दाव्याचा अर्ज भरतो. नाव, पॉलिसी क्रमांक, बँकेचं खातं. ‘सबमिट’ दाबल्यावर त्याचा ब्राउझर ज्या यंत्राशी टीएलएसची बोलणी करतो ते कंपनीचं सर्व्हर नसतंच. तो असतो लोड बॅलन्सर. कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी किल्ली त्याच्यापाशी. अर्ज तिथे उघडला जातो. लोड बॅलन्सर पत्ता वाचतो, हा दाव्याचा अर्ज आहे हे ओळखतो, मागच्या सर्व्हरांपैकी कोणाकडे द्यायचा ते ठरवतो, आणि त्या सर्व्हरशी एक वेगळी जोडणी करून अर्ज पुढे सरकवतो. पहिली जोडणी पोर्ट 443 वर, एन्क्रिप्ट केलेली. दुसरी अनेकदा पोर्ट 8080 वर, साध्या एचटीटीपीत. ब्राउझरला या दुसऱ्या जोडणीचा पत्ताच नसतो. त्याची खूण पहिल्या टप्प्यापुरतीच खरी असते. क्रोमने 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र काढून टाकलं, ते लोक त्या चित्रावर नको तितका विश्वास टाकत होते म्हणूनच.

दुसऱ्या टप्प्यात काय जातं हे पाहायला हॅकर असावं लागत नाही. त्या सर्व्हरवर ज्याला अधिकार आहे असा कोणताही कर्मचारी हा आदेश देऊ शकतो :

```
sudo tcpdump -i any -A -s 0 'tcp port 8080'
```

आणि समोर साधारण असं काही येतं :

```
POST /claims HTTP/1.1
Host: example.com
X-Forwarded-For: 203.0.113.45
X-Forwarded-Proto: https

policy=778812&account=000111222333
```

खातं क्रमांक उघडा. वरच्या ओळींत लोड बॅलन्सरने स्वतः घातलेल्या दोन नोंदी आहेत : मूळ ग्राहकाचा आयपी पत्ता, आणि ‘हा माणूस माझ्याकडे एचटीटीपीएसनेच आला होता’ अशी ग्वाही.

ही दुसरी ग्वाही किती मोलाची, हे ज्यांनी पहिल्यांदाच वेबसाइट लोड बॅलन्सरच्या मागे नेली त्यांना विचारावं. सर्व्हरला बजावलेलं असतं की कोणी साध्या एचटीटीपीने आला तर त्याला एचटीटीपीएसवर पाठव. पण लोड बॅलन्सर दारातच टीएलएस काढत असल्याने सर्व्हरकडे प्रत्येक जण साध्या एचटीटीपीनेच येतो. सर्व्हर त्याला परत पाठवतो, ग्राहक पुन्हा एचटीटीपीएसने येतो, लोड बॅलन्सर पुन्हा टीएलएस काढतो. काही फेऱ्यांनंतर ब्राउझर कंटाळून ERR_TOO_MANY_REDIRECTS असं लिहून मोकळा होतो. सर्व्हरला X-Forwarded-Proto वाचायला शिकवलं की फेरा थांबतो. इथे आणखी एक खबरदारी लागते. ही नोंद फक्त लोड बॅलन्सरकडून आली असेल तरच मानायची. सर्व्हर इंटरनेटवरून थेट गाठता येत असेल, तर ती कोणीही खोटी लिहून पाठवू शकतो.

मग हा आतला टप्पा एन्क्रिप्ट करावा की नाही? या प्रश्नावर अभियंत्यांच्या बैठका तापतात, आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं. कोणापासून लपवायचं, हे कोणी आधी ठरवलेलं नसतं.

शेजारच्या भाडेकरूपासून? क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर अनेक कंपन्यांचे सर्व्हर असतात हे खरं, पण म्हणून एकाला दुसऱ्याची पाकिटं दिसत नाहीत. एडब्ल्यूएसचं आभासी खाजगी नेटवर्क, म्हणजे व्हीपीसी, प्रत्येक पाकीट कुठून निघालं आणि कुठे जायचं याची शहानिशा करूनच ते पोचवतं. जुन्या ऑफिसातल्या नेटवर्कवर शेजारच्या टेबलावरचा संगणक ‘मीच सर्व्हर’ असं खोटं सांगून वाहतूक आपल्याकडे वळवू शकायचा. तो खेळ इथे चालत नाही.

जमिनीखालच्या तारेवर बसलेल्यापासून? ‘मस्क्युलर’ची भीती तीच होती. एकाच विभागातली केंद्रं एकमेकांपासून कित्येक किलोमीटरवर असतात, त्यामुळे लोड बॅलन्सरकडून सर्व्हरकडे जाणारं पाकीट रस्त्याखालच्या फायबरमधूनही जाऊ शकतं. पण 2013 च्या धड्यानंतर मोठ्या क्लाउड कंपन्यांनी हे भोक बुजवलं आहे. आपल्या केंद्रांच्या बाहेर पडणारी सगळी माहिती तारेच्या पातळीवरच एन्क्रिप्ट होते, असं अॅमेझॉन सांगते. गूगलने आपल्या आतल्या सेवांसाठी टीएलएससारखीच एएलटीएस नावाची स्वतःची पद्धत बांधली आणि तिची माहिती 2017 मध्ये जाहीर केली. शिवाय एडब्ल्यूएसच्या ‘नायट्रो’ जातीच्या अनेक सर्व्हरांमध्ये दोन सर्व्हरांमधली वाहतूक हार्डवेअरच एन्क्रिप्ट करतं, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. मात्र त्याच्या अटी बारीक अक्षरांत आहेत. एडब्ल्यूएसच्या दस्तऐवजात एक अट दीर्घकाळ अशी होती की वाहतूक लोड बॅलन्सरसारख्या मधल्या सेवेतून जात नसावी. म्हणजे आपल्या विमा कंपनीचा नेमका तोच टप्पा वगळलेला. ‘नायट्रो सगळं एन्क्रिप्ट करतं’ असं सांगून टेबल थोपटणाऱ्याला हे वाक्य दाखवायला हरकत नाही.

उरतो तिसरा, आणि खरा त्रास देणारा : आतला माणूस, किंवा आतल्या माणसाचा पासवर्ड चोरलेला बाहेरचा. एडब्ल्यूएसमध्ये 2019 पासून ट्रॅफिक मिररिंग नावाची सोय आहे. एखाद्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची प्रत दुसरीकडे पाठवता येते. ती बांधली सुरक्षा तपासणीसाठी. पण ज्याच्या हाती ec2:CreateTrafficMirrorSession सारख्या मिररिंगच्या परवानग्या पडल्या, त्याला सर्व्हरवर लॉगिनही न करता साताऱ्याच्या ग्राहकाचं खातं वाचता येतं. सर्व्हरच्या नोंदवहीत त्याचा मागमूस नसतो. दिसलाच तर तो क्लाउडट्रेल या खात्याच्या नोंदवहीत. आणि नायट्रोचं हार्डवेअर एन्क्रिप्शन इथे कामाचं नाही, कारण ते नेटवर्क कार्डाच्या खालच्या थरावर होतं; प्रत मात्र कार्डापाशीच, उघड्या मजकुराची निघते. या माणसाविरुद्ध उपाय एकच : लोड बॅलन्सर ते सर्व्हर हा टप्पाही टीएलएसने बांधणं. मग मिररिंगच्या प्रतीत निरर्थक अक्षरांशिवाय काही हाती लागत नाही.

सर्व्हरमध्येच घुसलेल्याला मात्र यातलं काहीही अडवत नाही. शेवटी मजकूर तिथे उघडावाच लागतो.

आतल्या टप्प्यावर टीएलएस लावायला पूर्वी ‘सर्व्हर मंदावेल’ ही हरकत घेतली जायची. ती कधीच निकालात निघाली आहे. गूगलने जानेवारी 2010 मध्ये जीमेल सरसकट एचटीटीपीएसवर नेलं, तेव्हा गूगलचे अॅडम लँग्ली यांनी आकडा दिला होता : फ्रंट एंड यंत्रांच्या सीपीयूवर त्याचा भार 1 टक्क्याहूनही कमी. आतल्या टप्प्यात तर लोड बॅलन्सर एकदा केलेली जोडणी पुन्हापुन्हा वापरतो, त्यामुळे टीएलएसची सुरुवातीची बोलणी प्रत्येक अर्जामागे होत नाहीत.

खरी मेख वेगळीकडे आहे. टीएलएस दोन कामं करतं : मजकूर झाकतं, आणि समोरचा तोच आहे याची खात्री देतं. आतल्या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी फक्त पहिलं काम होतं. एडब्ल्यूएसचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर मागच्या सर्व्हरशी एचटीटीपीएसने बोलतो, पण त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासत नाही. स्वतःच स्वतःला दिलेलं असो, मुदत संपलेलं असो, त्याला चालतं. अॅमेझॉनचं म्हणणं, व्हीपीसी पाकिटांची शहानिशा करतंच, मग सर्टिफिकेट कशाला तपासायचं? युक्तिवाद त्यांच्या नेटवर्कपुरता पटण्याजोगा आहे. पण त्याचा अर्थ असा की या टप्प्यावर ओळखीची हमी टीएलएस देत नसून अॅमेझॉनचं नेटवर्क देतं. लेखापरीक्षकाला ‘आमच्याकडे सगळीकडे टीएलएस आहे’ असं सांगताना हा फरक सांगितलेला बरा.

एनजिंक्स हा लोकप्रिय मधला सर्व्हर वापरणाऱ्यांचीही हीच कथा आहे. त्यात मागच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासणं मुळात बंदच असतं. मुद्दाम सुरू करावं लागतं :

```
proxy_pass https://app_servers;
proxy_ssl_verify on;
proxy_ssl_trusted_certificate /etc/nginx/internal-ca.pem;
proxy_ssl_name app.internal;
```

दुसरी ओळ लिहिली की हमी मिळते, आणि नवी जबाबदारीही. आता एखाद्या सर्व्हरचं सर्टिफिकेट रात्री संपलं, तर ग्राहकाला ‘502 बॅड गेटवे’ दिसणार. बाहेरून तपासलं तर दारावरचं सर्टिफिकेट ठणठणीत, सर्व्हरही चालू, आणि साइट बंद. उत्तर मधल्या सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत असतं, पण पहाटे जागवलेला माणूस आधी बाकी सगळं तपासून होतो. म्हणूनच इस्टिओसारख्या साधनांनी आतली सर्टिफिकेटं माणसाच्या हातातून काढूनच घेतली. ती मुळातच 24 तासांची असतात आणि आपोआप बदलली जातात. रोजचंच काम असल्यामुळे कोणाच्या लक्षात राहण्याची गरज उरत नाही.

आणखी पुढे जायचं तर लोड बॅलन्सरला काही वाचूच द्यायचं नाही. तो बंद पाकीट तसंच सर्व्हरपर्यंत पोचवतो, टीएलएस थेट सर्व्हरवर उघडतं. एडब्ल्यूएसमध्ये नेटवर्क लोड बॅलन्सर टीसीपीवर ठेवला की हे जमतं. ब्राउझर ते सर्व्हर असं खरं ‘एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत’ हेच, पण किंमत मोजावी लागते. पत्ता वाचता येत नसल्याने दाव्याचे अर्ज एकीकडे आणि छायाचित्रं दुसरीकडे अशी वाटणी लोड बॅलन्सरला करता येत नाही. घातक अर्ज दारात अडवणारी फायरवॉल, एडब्ल्यूएसची डब्ल्यूएएफ, या प्रकाराला जोडता येत नाही. आणि खाजगी किल्ली एका दाराऐवजी प्रत्येक सर्व्हरवर ठेवावी लागते. सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदतही उतरते आहे : ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च 2029 पासून ती 47 दिवसांवर येणार. वीस सर्व्हर असतील तर हे हाताने करायचं काम राहत नाही.

न वाचता येण्याची किंमत किती मोठी असू शकते ते अमेरिकेच्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने 2017 मध्ये दाखवलं. तिच्याकडे एन्क्रिप्ट केलेली वाहतूक उघडून तपासणारं उपकरण होतं. त्या उपकरणाचं सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वी संपलं होतं, त्यामुळे वाहतूक न तपासताच पुढे जात राहिली. घुसखोर 76 दिवस माहिती बाहेर नेत होते. 29 जुलै 2017 रोजी नवं सर्टिफिकेट बसवलं, आणि त्याच दिवशी संशयास्पद वाहतूक दिसली. एन्क्रिप्शनने इथे चोराचा माल झाकला होता. सगळीकडे बंद पाकिटं हवीत असा आग्रह धरणाऱ्यांच्या सुरक्षा विभागाचे लोक नाखूष का असतात, ते यावरून कळतं.

याच्या उलट, दारात उघडण्याचा धोका क्लाउडफ्लेअरच्या प्रकरणात दिसला. ही कंपनी लाखो वेबसाइटींसाठी दाराचं काम करते. फेब्रुवारी 2017 मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांच्या लक्षात आलं, की तिचे सर्व्हर काही पानांच्या शेवटी भलत्याच वेबसाइटींचा मजकूर ओकत आहेत. एचटीएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे तो आपल्या वाट्याच्या स्मृतीपलीकडचं वाचत होता, आणि तिथे होते इतर ग्राहकांचे नुकतेच उघडलेले अर्ज, कुकीज, पासवर्ड. कंपनीच्या हिशोबाने सर्वांत वाईट काळात दर 33 लाख विनंत्यांमागे एका विनंतीत अशी गळती झाली असावी. ग्राहकांच्या टीएलएसच्या खाजगी किल्ल्या मात्र वाचल्या, कारण टीएलएस उघडण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये होत होतं. क्लाउडफ्लेअरपासून मूळ सर्व्हरपर्यंतचा टप्पा कोणी कितीही घट्ट बांधला असता, तरी ही गळती थांबली नसती. मजकूर दारात उघडा होता, एवढं पुरे होतं.

कार्ड व्यवहारांचे पीसीआय डीएसएस हे नियम याबाबतीत कमी मागतात : मजबूत एन्क्रिप्शनची सक्ती ते ‘खुल्या, सार्वजनिक’ नेटवर्कसाठी करतात. व्हीपीसी त्यात मोडत नाही, असा अर्थ लावून अनेक कंपन्या आतला टप्पा उघडा ठेवतात, आणि नियमांच्या कसोटीला ते उतरतं. मिररिंगची परवानगी असलेल्या माणसाला मात्र नियमांची कलमं अडवत नाहीत. आपल्या विमा कंपनीसाठी मधला मार्ग बहुतेक वेळा बरा : दारात उघडावं, तपासावं, पुन्हा बांधून पुढे पाठवावं, आणि मिररिंगचा अधिकार मोजक्या हातांत ठेवावा. ज्या एक-दोन रकान्यांचं ओझं दारालाही नको, ते रकाने टीएलएसच्याही आत स्वतंत्रपणे बंद करावेत.

या शेवटच्या पद्धतीचा रोजचा नमुना कोट्यवधी भारतीयांच्या हातात आहे. यूपीआयने पैसे देताना पिन टाकायची जी खिडकी येते, ती पैसे पाठवणाऱ्या अॅपची नसते. ती एनपीसीआयच्या कॉमन लायब्ररीची असते. पिन फोनवरच एनपीसीआयच्या सार्वजनिक किल्लीने बंद होतो. पुढे अॅपचे सर्व्हर, त्यांचे लोड बॅलन्सर, अॅपमागची बँक, यांच्यापैकी प्रत्येक जण टीएलएस उघडतो आणि पुन्हा लावतो; रक्कम, नाव, यूपीआय पत्ता त्यांना वाचता येतो, पिन नाही. एनपीसीआयकडे तो तिच्या खाजगी किल्लीने उघडला जातो आणि खातेदाराच्या बँकेच्या किल्लीने पुन्हा बंद होऊन त्या बँकेकडे पडताळणीसाठी जातो. म्हणजे इथेही मध्ये एक दार आहेच.